फोटोतील नकोशी वस्तू : ती काढावी कशावर?

जुन्या आल्बमची पाने उलटताना असा एखादा फोटो हाती येतोच, की ज्यातील माणसे अगदी हवीशी असतात आणि मध्येच डोकावलेली एखादी वस्तू अगदी नकोशी. पूर्वी अशा वेळी स्टुडिओतील रिटचरकडे धाव घ्यावी लागे. तो निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिलीने किंवा छापलेल्या प्रतीवर बारीक कुंचल्याने काम करी, आणि त्याचे कौशल्य त्याच्या हातात असे. आज हेच काम घरातील कोणासही करता येते. खिशातील फोनवर त्यासाठी अ‍ॅप आहे, ब्राउझरमध्ये उघडणारी मोफत साधने आहेत, आणि संगणकावर बसवावयाचे सॉफ्टवेअरही आहे. प्रथमच हे काम करू पाहणारा मनुष्य साहजिकच विचारतो, की या तिहींत चांगले कोणते?

प्रश्न असा घातला म्हणजे उत्तर हाती लागत नाही. त्याऐवजी दोन गोष्टी आधी ठरवाव्यात. नकोशा वस्तूच्या मागे काय दडलेले आहे, ही पहिली. आणि तयार झालेला फोटो केवढा छापावयाचा आहे, ही दुसरी. या दोहोंची उत्तरे मिळाली की साधनाची निवड बहुधा आपोआप होते. हे कसे, ते एका उदाहरणावरून पाहणे सोयीचे होईल.

एक फोटो आणि तीन अडचणी

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात १९९१ सालच्या मुंजीचा एक फोटो आहे. पुण्यातील वाड्याचे अंगण, सकाळची उन्हे, मागे चुन्याने रंगविलेली भिंत, खाली शहाबादी फरशी. मध्ये खुर्चीवर आजी बसलेल्या आहेत व शेजारी उभ्या असलेल्या बटूच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला आहे. आजी पुढे फार दिवस राहिल्या नाहीत. त्या मोकळेपणाने हसत आहेत असा फोटो घरात हा एवढाच. तो मोठा करून दिवाणखान्यात लावावा असे सर्वांच्या मनात आले, तेव्हा त्यातील तीन गोष्टी डोळ्यांत खुपू लागल्या. भिंतीवर माणसांच्या डोक्यांवरून आडवी गेलेली विजेची तार, ही पहिली. आजींच्या पायांपासून हातभर अंतरावर फरशीवर राहिलेली लाल प्लॅस्टिकची बादली, ही दुसरी. आणि फोटोच्या उजव्या कडेतून पुढे आलेला एक हात, ही तिसरी. पंगतीत पाणी वाढणाऱ्या कोणाचा तरी तो हात असावा. त्यातील स्टीलचा जग नेमका आजींच्या हातावर आणि बटूच्या खांद्यावर आलेला आहे.

फोटो पोस्टकार्डाच्या आकाराचा, म्हणजे ६ इंच बाय ४ इंच. त्याचा स्कॅन ६०० डीपीआयवर केला असता ३६०० बाय २४०० पिक्सेलचे चित्र मिळते. भिंतीवर लावण्याच्या छपाईसाठी इंचास ३०० पिक्सेल असावेत असा सामान्य प्रघात आहे. त्या हिशेबाने हे चित्र बरोबर १२ इंच बाय ८ इंच छापता येते. हा हिशेब ध्यानात ठेवावा; पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आता यंत्र ‘वस्तू काढते’ म्हणजे नक्की काय करते, ते समजून घेतले पाहिजे. फोटोत बादलीच्या मागची फरशी कोठेही साठविलेली नसते. बादली पुसली की तेथे केवळ भोक उरते आणि ते भोक भरावे लागते. भरण्याच्या रीती दोन. आसपासचे तुकडे उचलून बेमालूम जोडावयाचे, ही एक. फोटोशॉपमध्ये २०१० साली आलेली आपोआप भरण्याची सोय याच तत्त्वावर चाले. दुसरी रीत अलीकडची. असंख्य चित्रे पाहून तयार झालेले यंत्र तेथे काय असण्याचा संभव आहे याचा अंदाज बांधते आणि ते नव्याने रंगविते. पहिली रीत शेजारून उसने घेते, दुसरी कल्पनेने निर्माण करते. मागे खरोखर काय होते हे दोघींसही ठाऊक नसते. कोरी भिंत असेल तर त्यावाचून काही बिघडत नाही. आजींचा हात असेल तर मात्र बिघडते.

तार : फोनचे काम

भिंतीवरील तार हे फोनवरील अ‍ॅपसाठी अगदी योग्य काम होय. तारेच्या वर आणि खाली एकाच रंगाचा, किंचित खडबडीत चुना आहे. तो कोठूनही उसना घेतला तरी चालतो. गूगल फोटोजमधील `Magic Eraser` हे साधन आरंभी ठराविक फोनांपुरतेच होते, ते २०२४ मध्ये सर्वांस खुले झाले. आयफोनच्या नव्या नमुन्यांत त्याच वर्षी `Clean Up` आले. दोहोंची कृती एकच : फोटो दोन बोटांनी मोठा करावयाचा, नकोशी वस्तू बोटाने घासावयाची, आणि यंत्र ती जागा भरून देते.

नवशिक्या माणसाची प्रवृत्ती सबंध तार एका फटकाऱ्यात घासण्याची असते. तसे न करता फोटो पुष्कळ मोठा करून तार दोन-तीन बोटे लांबीच्या तुकड्यांत काढावी. असे केल्याने प्रत्येक तुकड्यास अगदी लगतचा चुना मिळतो. भिंतीवर एका बाजूस ऊन आणि दुसऱ्या बाजूस सावली असेल, तर एका फटकाऱ्याने काढलेल्या जागी फिकट पट्टा राहतो. तुकड्यांनी काढल्यास तो राहत नाही. घासताना तारेची भिंतीवर पडलेली पुसट सावलीही त्यात घ्यावी. वस्तू जाते आणि सावली राहते, ही या कामातील सर्वांत सामान्य खूण आहे. पाहणाऱ्यास कारण सांगता येत नाही, परंतु काहीतरी चुकले आहे एवढे त्यास लगेच जाणवते.

काम संपल्यावर मूळ फोटोवर न लिहिता निराळी प्रत ठेवावी. त्या प्रतीचे माप फोनवरच फोटोच्या तपशिलात पाहावे. आत जाताना ३६०० बाय २४०० होते, बाहेर येतानाही तेवढेच असावयास हवे. फोटो स्कॅनरवरून फोनवर आणताना व्हॉट्सअ‍ॅपने साधा फोटो म्हणून पाठविला, तर तो वाटेतच लहान होतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास जसाच्या तसा पोहोचतो. पुष्कळदा दोष अ‍ॅपला दिला जातो आणि नुकसान आधीच झालेले असते.

या घरातील सूनबाईंनी तार अशा रीतीने दहा मिनिटांत काढली. तेवढ्यावर फोटो छापावयाचा असता, तर हा लेख येथेच संपला असता.

बादली : ब्राउझरमध्ये काय पाहावे

फोनवर बादली घासली तेव्हा ती नाहीशी झाली खरी, परंतु फरशीचे सांधे बिघडले. शहाबादी फरशीला ठळक रेघा असतात. त्या बादलीपाशी येऊन वाकड्या झाल्या, एक रेघ मध्येच विरून गेली, आणि लाद्यांच्या जागी पाण्यावर धुके पसरावे तसा करडा डाग उमटला. फोनच्या लहान पडद्यावर हे कोणाच्या ध्यानात आले नाही. घरातील धाकट्या भाच्याने फोटो संगणकावर उघडला तेव्हा ते दिसले. त्याने सुचविले, की ब्राउझरमधील मोफत साधन वापरून पाहावे.

येथे वाचकांनी एक भेद लक्षात घ्यावा, कारण ‘मोफत वेब साधन’ या एका नावाखाली दोन अगदी निराळ्या वस्तू येतात. पहिल्या प्रकारात आपला फोटो दूरच्या कोणा सर्व्हरवर पाठविला जातो, तेथे यंत्र तो भरते आणि परत देते. हे काम झटपट होते, आणि निकालही कित्येकदा फोनपेक्षा सरस असतो. परंतु मोफत देताना अशी साधने बहुधा फोटो लहान करून देतात. पूर्ण मापाचा हवा असल्यास पैसे मागतात. समजा, लांब बाजू ७२० पिक्सेलची करून मिळाली. आपल्यास तो १२ इंच छापावयाचा आहे, म्हणजे इंचास अवघे ६० पिक्सेल पडले. पडद्यावर सुरेख दिसणारा हा फोटो भिंतीवर लागला की आजींचे डोळे धूसर दिसणार. तेव्हा काम आरंभण्यापूर्वीच एखादा बिनमहत्त्वाचा फोटो घालून बाहेर काय माप मिळते ते पाहून घ्यावे.

दुसरी बाब संकोचाची आहे. फोटो पाठविला म्हणजे तो दुसऱ्याच्या यंत्रावर गेला. तो किती दिवस तेथे ठेवतात आणि त्याचे काय करतात, हे त्या संकेतस्थळाच्या नियमांत लिहिलेले असते आणि ते वाचण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. उघड्या अंगाचा आठ वर्षांचा मुलगा फोटोत आहे. आज तो चाळिशी ओलांडलेला गृहस्थ असला, तरी त्याचा होकार घेणे सभ्यपणाचे होय.

दुसऱ्या प्रकारचे साधन ब्राउझरमध्ये उघडत असले तरी काम आपल्याच संगणकावर करते. photopea.com हे त्याचे उत्तम उदाहरण. ते मोफत आहे, कडेला जाहिराती दाखविते, आणि त्यात उघडलेला फोटो बाहेर कोठेही पाठविला जात नाही. पान एकदा पूर्ण उघडल्यावर इंटरनेट बंद केले तरी काम चालू राहते. त्यात फोटोशॉपसारखे लेयर आहेत, मापही लहान केले जात नाही. कचेरीचा किंवा दुसऱ्याचा संगणक असून त्यावर काही बसविण्याची मुभा नसेल, तर हाच मार्ग स्वीकारावा. मात्र येथे यंत्र सर्व काही करून देईल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. साधने हाताने चालवावी लागतात. आणि हाताने चालवावयाचेच ठरले, तर घरच्या संगणकावर गिम्प बसविणे अधिक स्वस्थतेचे. तेही मोफत आहे, त्यात जाहिराती नाहीत, आणि काम चार दिवस थांबवून पुन्हा हाती घेता येते. भाच्याने गिम्प निवडले.

फरशी हाताने कशी भरावी

गिम्पमध्ये फोटो उघडल्यावर त्यावर एक रिकामा, पारदर्शक लेयर घालावा. पुढील सर्व काम या लेयरवर करावयाचे. खालील फोटोस हात लागत नाही, आणि चुकले तर वरचे तेवढे खोडता येते. नंतर `Clone` साधन घ्यावे. कळफलकावर C दाबल्यासही ते मिळते. त्याच्या पर्यायांत `Sample merged` या चौकटीत खूण करावी. ती केली नाही तर साधन रिकाम्या लेयरमधूनच उचलू पाहते, आणि काहीच उमटत नाही. पहिल्या दिवशी पुष्कळांचा अर्धा तास येथेच जातो.

आता Ctrl दाबून ज्या ठिकाणी क्लिक करावे तेथून साधन उचलते, आणि मग जेथे रंगवावे तेथे ते ठेवते. बादली काढताना आधी सांधे जोडावेत आणि लाद्या नंतर भराव्यात. रेघ सरळ आली की तिच्यामधील लादी थोडी कमीअधिक झाली तरी डोळा क्षमा करतो. रेघ मोडली तर मात्र तो तेथेच अडतो. आडव्या सांध्यासाठी उचलण्याची जागा त्याच रेघेवर, बादलीच्या डावीउजवीकडे निवडावी. वरून किंवा खालून उचलू नये, कारण कॅमेऱ्यापासून दूर जाताना लाद्या लहान होत जातात आणि सांधेही बारीक होतात. जवळचा जाड सांधा दूरच्या जागी बसत नाही. आत, दूर जाणाऱ्या सांध्यांचा कल प्रत्येकाचा निराळा असतो. ते त्याच रेघेच्या पुढच्यामागच्या भागातून थोडेथोडे उचलून जोडावेत.

बादलीची सावली विसरू नये. लाल बादलीभोवतीच्या फरशीवर तांबूस झाकही पडलेली असते. ती राहिली तर बादली गेल्यावरही तिचे भूत तेथे उभे राहते. सर्वांत शेवटी, लाद्यांवरील ठिगळांच्या कडा मिसळण्यासाठी `Heal` साधन वापरावे. ते उचललेल्या तुकड्याचा रंग आणि उजेड शेजारच्या जागेशी जुळवून घेते. यामुळेच ते लुगड्याच्या काठाजवळ किंवा गडद कडेजवळ वापरू नये. शेजारचा काळा रंग ते आत ओढून घेते आणि डाग पडतो. अशा जागी `Clone` बरे.

भाच्यास या एका बादलीसाठी सुमारे दोन तास लागले. फोनवर तेच काम दहा सेकंदांचे होते. हा फरक प्रत्येक फोटोसाठी सोसावा असे मी म्हणणार नाही. हाच फोटो नातलगांच्या गटात पाठविण्यापुरता हवा असता, तर फोनवरील बादलीही खपून गेली असती.

आजींचा हात

उरला तो जग. तो कोणत्याही यंत्राकडे सोपवावयास सोपा होता, आणि एकदा सोपविलाही गेला. फोनने जग पुसून तेथे हात रंगविला. बोटे पाच होती, कातडीचा रंग जुळला होता, आणि पाहुण्यास काही वावगे दिसले नसते. परंतु मोठ्या आत्याबाईंनी पडद्याकडे पाहिले आणि त्या म्हणाल्या, “हा आईचा हात नव्हे. तिच्या हातातल्या पाटल्या कुठे गेल्या? आणि तिची करंगळी अशी सरळ नव्हती रे कधी.”

त्यांचे म्हणणे निर्विवाद होते. यंत्राने एका वृद्ध स्त्रीचा संभवनीय हात काढला होता. या स्त्रीचा हात त्याने कधी पाहिलाच नव्हता. भिंत आणि फरशी यांबाबत संभवनीय आणि खरे यांत फरक पडत नाही, माणसाच्या देहाबाबत पडतो. म्हणून चेहरा, हात, अंगावरील दागिना किंवा वस्त्राचा ओळखीचा काठ झाकलेला असेल, तर यंत्राच्या कल्पनेने भरू नये, असा नियम पहिल्या कामापासूनच पाळावा.

मग उपाय काय? उपाय तीन आहेत. जग तसाच राहू द्यावा. किंवा चौकट लहान करून फोटो तेवढा कापावा. किंवा खरा हात दुसरीकडून आणावा. येथे कापण्याने बटूच गेला असता. तेव्हा तिसऱ्याचा शोध सुरू झाला. लग्नामुंजीत फोटोग्राफर एकाच जागेवरून लागोपाठ दोन-तीन फोटो काढीत असत, आणि त्यांतील ‘डोळे मिटलेला’ फोटो कोणाच्या तरी आल्बमात पडून असतो. नागपूरच्या काकांकडे तो निघाला. त्यात आजींचे डोळे मिटलेले होते, परंतु जग अजून आलेला नव्हता. हात पूर्ण दिसत होता, पाटल्यांसह.

तो फोटोही ६०० डीपीआयवर स्कॅन केला. गिम्पमध्ये तो पहिल्या फोटोवर स्वतंत्र लेयर म्हणून ठेवला, वरचा लेयर अर्धपारदर्शक केला, आणि आजींची खुर्ची व बटूचा खांदा खालच्या फोटोशी जुळेपर्यंत तो सरकविला आणि किंचित फिरविला. मग त्या लेयरला काळा मास्क लावला, म्हणजे तो सबंध झाकला गेला. आणि पांढऱ्या मऊ कुंचल्याने जगाच्या जागी तेवढा उघडा केला. दुसरी प्रत थोडी पिवळी पडली होती. तिचा रंग पहिल्याशी जुळवावा लागला. कडेने आलेला परका हात भिंतीवर होता, तो `Clone` ने चुना उचलून भरला. हे काम फोनवरील पुसण्याच्या साधनाने होत नाही, कारण त्यास दुसरा फोटो दाखविता येत नाही. लेयर आणि मास्क असलेले साधन हवे, मग ते गिम्प असो किंवा फोटोपी.

छापण्यापूर्वी

काम झाल्यावर गिम्पच्या स्वतःच्या .xcf स्वरूपात एक प्रत ठेवावी, म्हणजे लेयर शाबूत राहतात. छापण्यासाठी File → Export As मधून निराळी फाईल काढावी. मग दोन परीक्षा घ्याव्यात. फोटो आडवा उलटा करून, म्हणजे आरशातल्यासारखा, पाहावा. तासन्‌तास पाहून डोळा ज्या चुकांस सरावलेला असतो, त्या उलट चित्रात चटकन दिसतात : एकाच आकाराचा डाग दोन ठिकाणी, मोडलेली रेघ, किंवा सभोवती स्कॅनचा बारीक कण असून ठिगळावर नितळ गुळगुळीतपणा. त्यानंतर बारा इंची छपाईस पैसे घालण्यापूर्वी, फोटोचा मधला भाग अंतिम मापानेच पोस्टकार्डाच्या कागदावर छापून घ्यावा. पडद्यावर न दिसलेले धुके कागदावर दिसते.

थोडक्यात, मागे कोरी भिंत, आकाश किंवा गवत असेल तर फोन पुरेसा आहे. मागे रेघा, जाळी किंवा विटा असतील आणि फोटो मोठा छापावयाचा असेल तर लेयर असलेले साधन घ्यावे. स्वतःचा संगणक असल्यास गिम्प, नसल्यास फोटोपी. फोटो पाठवावे लागणारे वेब साधन माप तपासून आणि फोटोतील माणसांचा विचार करून मगच वापरावे. आणि मागे माणूस असेल तर आधी दुसरा फोटो शोधावा.

त्या घरी आता आजींचा फोटो दिवाणखान्यात लागला आहे. मूळ पोस्टकार्ड मात्र आल्बमातून काढलेले नाही. त्याच्या मागे आत्याबाईंनी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे, की भिंतीवरील फोटोतील तार, बादली आणि जग काढलेले असून उजवा हात नागपूरच्या प्रतीतून घेतला आहे. पन्नास वर्षांनी आल्बम उघडणाऱ्यास एवढे कळावयास हवे.